बॅरलवरची तारीख: उद्यमबागेतल्या लेबलांच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

काम सुरू झालं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं आहे. त्यांच्याकडं अमेरिकेतनं येणाऱ्या, रेती बांधायच्या रेझिनच्या बॅरलची लेबलं, माहितीपत्रकं आणि एक कॅटलॉग, या सगळ्याचे फोटो मराठीत करून द्यायचेत. कन्नडचं काम दुसरी टीम करणार आहे. रेती कालवणारी आणि कोअर, म्हणजे साच्यातले रेतीचे गाभे, काढणारी बहुतेक पोरं खानापूर आणि चंदगडकडची, वाचतात मराठी, आणि लेबल सगळं इंग्रजीत, त्यामुळं आजवर ती रंग बघून बॅरल ओळखतात असं स्टोअरच्या मामांनीच सांगितलं.

पद्धत नेहमीचीच. फोटोतला मजकूर ओसीआरनं काढायचा, तपासायचा, मराठी करायचा आणि मूळ जागी परत बसवायचा. फक्त इथं मजकुराबरोबर आकडेही बदलायचेत, गॅलनचे लिटर, फॅरनहाइटचे सेल्सिअस, पौंडाचे किलो, आणि तारखा आपल्या पद्धतीनं. वाक्य चुकलं तर वाचणाऱ्याला निदान खटकतं तरी, पण आकडा चुकला तर तो बरोबर आकड्यासारखाच दिसतो. म्हणून आकड्यांचं खातं पहिल्यापासून वेगळं ठेवलंय, एक शीट, प्रत्येक आकड्याला एक ओळ: फोटोत जसं दिसतं तसं, ते कशाचं माप आहे, बदलून काय झालं, आणि कुणी तपासलं. शीटमधला मूळ आकडा कुणी पुसायचा नाही.

८ जानेवारी, बुधवार

आज नुसती मापं केली. सोपं वाटतं ते सोपं नाही एवढं दिवसभरात कळलं.

बॅरलवर `55 gal` आहे. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा. अमेरिकन धरला तर २०८ लिटर, ब्रिटिश धरला तर २५०. माल अमेरिकेचा आहे आणि मोठं बॅरल २०० लिटरच्या आसपासचंच असतं हे फाउंड्रीत सगळ्यांना माहीत आहे, तर २०८. पण कन्व्हर्टरला नुसतं गॅलन म्हणून सांगायचं नाही, शीटमध्ये "अमेरिकन गॅलन" असंच लिहायचं असं ठरवलं.

तापमानात दोन गोष्टी निघाल्या आणि दोन्ही महत्त्वाच्या. पहिली, साठवणीची मर्यादा, `Store at 50-80°F`. ५० चे बरोबर १० सेल्सिअस होतात. ८० चे होतात २६.६७. आता शाळेच्या हिशोबानं ते २७ होतील, पण ही वरची मर्यादा आहे, २७ लिहिलं तर आपण कंपनीनं न दिलेली सूट दिली असं होतं. म्हणून मर्यादा असली की राउंडिंग नेहमी आतल्या बाजूला, वरची खाली आणायची, खालची वर न्यायची. लेबलवर "१० ते २६°से" गेलं आणि खाली बारीक अक्षरात मूळ आकडा.

दुसरी गोष्ट माहितीपत्रकातली. तिथं वाक्य आहे की रेतीचं तापमान दर `18°F` वाढलं की रेझिन सेट व्हायचा वेळ साधारण निम्मा होतो. टूलनं त्याचं केलं "दर उणे ७.८°से वाढलं की". म्हणजे १८ फॅरनहाइट हे हवेचं तापमान समजून आधी ३२ वजा केले. इथं तापमान नाहीय, तापमानातला फरक आहे. फरकाला ३२ वजा करायचे नसतात, नुसतं ५/९ नं गुणायचं, १८ चे १० होतात. "दर १०°से वाढीला निम्मा वेळ". हे उणे आलं म्हणून सापडलं, पण `90°F rise` असं कुठं असतं तर टूलनं ३२ दिलं असतं (खरं उत्तर ५०) आणि ३२ हा आकडा कुणालाच खटकला नसता. त्यामुळं शीटमध्ये तापमानाच्या ओळीला "पातळी की फरक" असा एक कॉलम वाढवला. rise, drop, difference, per, within यातला शब्द शेजारी दिसला की माणसानं बघायचंच.

९ जानेवारी, गुरुवार

कालच्या पत्रकातलीच एक ओळ राहिली होती, रेझिनचं प्रमाण, `24 lb per ton of sand`. लेआउटवाल्या ताईंनी विचारलं की यात काय एवढं, २४ पौंड म्हणजे १०.९ किलो, झालं की. नाही झालं. पौंडाबरोबर टनही अमेरिकन आहे, २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा. २४ भागिले २००० म्हणजे १.२ टक्के. आपला टन १००० किलोचा, त्याला १.२ टक्क्यानं १२ किलो लागतं. आपण "टनाला १०.९ किलो" लिहिलं असतं तर पोरांनी १००० किलो रेतीत १०.९ किलो घातलं असतं, म्हणजे १.०९ टक्के, आणि कोअर कमजोर झाले की दोष रेतीला नाहीतर मिक्सरवाल्याला लागला असता. जोडमाप असलं की वरचं आणि खालचं दोन्ही बदलायचं, नाहीतर टक्क्यात आणून मग परत मांडायचं, हाच मार्ग सुरक्षित आहे. टक्के कुठल्याही देशात तेच राहतात.

ताईंनी लेबलवर "१००० किलो रेतीला १२ किलो" असं लिहिलं, टन शब्दच काढला. एकदम बरोबर केलं.

१३ जानेवारी, सोमवार

आजपासून तारखा. खरं सांगायचं तर हे काम घेतानाच माझा जीव यातच अडकला होता.

बॅरलच्या लेबलवर इंकजेटच्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात असं आहे:

```
MFG    09/10/2024
USE BY 03/10/2025
LOT    L24254
```

आपल्याकडं कुणीही वाचलं तर ९ ऑक्टोबर २०२४ ला बनलं, ३ ऑक्टोबर २०२५ पर्यंत चालेल. मामांनी रजिस्टरात तसंच उतरवलंय, आणि ते चूकही म्हणता येत नाही, बेळगावात काय, मुंबईत काय, बेंगळुरात काय, तारीख म्हटली की दिवस आधी. पण अमेरिकेत महिना आधी लिहितात. तसं वाचलं तर १० सप्टेंबर २०२४ ला बनलं आणि १० मार्च २०२५ ला संपतंय. आज १३ जानेवारी. एका वाचनात हातात जवळजवळ नऊ महिने, दुसऱ्यात दोनसुद्धा नाहीत.

आणि हा घोळ क्वचित होणारा नाही. दिवस १ ते १२ मधला असला आणि महिन्याच्या आकड्याहून वेगळा असला की तारीख दोन्हीकडनं वाचता येते. बारा महिन्यांत असे प्रत्येकी बारा दिवस, म्हणजे १४४, त्यातले १/१, २/२ असे बारा वजा केले की १३२. वर्षातल्या ३६५ पैकी १३२ दिवस, तिसऱ्या हिश्शाहून जास्त. बाकीच्या दिवसांत एकतर दोन्ही आकडे सारखेच असतात नाहीतर १३ किंवा पुढचा आकडा येतो म्हणून तारीख स्वतःच सांगते मी कशी वाचायची ते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत, अर्धा दिवसच बसलो, पण छाननीची पहिली पायरी लिहून काढली. मुद्दाम छोटी ठेवलीय, ही काहीच ठरवत नाही, नुसतं किती वाचनं शक्य आहेत तेवढं सांगते.

```python
from datetime import date

def readings(a, b, y):
    out = set()
    for d, m in ((a, b), (b, a)):
        try:
            out.add(date(y, m, d))
        except ValueError:
            pass
    return sorted(out)
```

एकच तारीख परत आली तर प्रश्न मिटला. दोन आल्या तर झेंडा लावायचा, पिवळा. एकही नाही आली, जसं 31/02 किंवा 19/40, तर ती दिवस-महिन्याची अडचण नाही, ओसीआरनं आकडाच चुकीचा वाचलाय, लाल झेंडा, फोटो परत बघायचा.

इंकजेटच्या ठिपक्यांत ३ चा ८, ० चा ६ सहज होतो, आणि तिरकी रेघ १ म्हणून वाचली जाते, `09/10` चं `09110`. म्हणून दोन्ही बाजूंनी शक्य नसलेली तारीख आली की मला बरंच वाटतं, निदान चूक आरडाओरडा तरी करते. आकडा चुकूनही तारीख शक्य कोटीतलीच राहिली की ती यात सापडणार नाही. त्याला उपाय एकच, इंकजेटची प्रत्येक तारीख दोघांनी वेगवेगळी वाचायची आणि मग जुळवायची. जास्तीचं काम आहे, पण तारखा असून असून किती असणार एका लेबलवर.

१७ जानेवारी, शुक्रवार

बॅरलचा निकाल लावायला बसलो. कंपनी अमेरिकन आहे म्हणजे महिना आधी, असं म्हणून सोडून देता आलं असतं, आणि शक्यता तीच जास्त आहे. पण निर्यातीच्या मालावर काही कंपन्या मुद्दाम दिवस आधी छापतात, आणि कधी माल तिसऱ्याच देशातल्या कारखान्यात भरलेला असतो, त्यामुळं देश हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. पुरावा फोटोतच शोधायचा.

पहिला पुरावा, दोन तारखांमधलं अंतर. महिना आधी धरून १० सप्टेंबर ते १० मार्च, बरोबर सहा महिने. दिवस आधी धरून ९ ऑक्टोबर ते ३ ऑक्टोबर, ३५९ दिवस. आता मजा बघा, ३५९ म्हणजे वर्षाच्या इतकं जवळ की वर्षभराचं आयुष्य आहे म्हणून कुणीही मान डोलावेल. पण कंपनी वर्षाची मुदत देताना सहा दिवस कमी करून कशाला देईल? मुदत छापणारं मशीन बहुतेक महिन्याच्या हिशोबात छापतं, दिवस तोच राहतो. सहा महिन्यांच्या वाचनात दिवस १० ला १० जुळतोय. हा पुरावा चांगला, पण यावर एकट्यावर मी सही करणार नाही.

दुसरा, लेबलचीच दुसरी बाजू. मामांनी फक्त पुढचा फोटो पाठवला होता. फोन केला, मामा, बॅरल जरा फिरवून मागचा पण फोटो काढा की. ते म्हणाले, "मागं नुसतं बारीक बारीक लिवलंय, ते कोण वाचतंय." तेच बारीक पाहिजे होतं. त्यात ओळ सापडली, न उघडलेल्या बॅरलची मुदत उत्पादनापासून सहा महिने. इथं दिवस आधीचं वाचन बसतच नाही.

तिसरा, लॉट नंबर, `L24254`. बऱ्याच कंपन्या लॉटमध्ये वर्षाचे दोन आकडे आणि पुढं वर्षातला कितवा दिवस ते तीन आकड्यांत घालतात. तसं असलं तर २०२४ चा २५४ वा दिवस. २०२४ लीप वर्ष, ऑगस्ट संपेपर्यंत २४४ दिवस होतात, त्यात दहा, म्हणजे १० सप्टेंबर. डोळ्यासमोर जुळलं. ९ ऑक्टोबर असता तर २८३ पाहिजे होतं. साध्या वर्षाच्या तक्त्यावर बघितलं तर २५४ ला ११ सप्टेंबर येतं, एक दिवसाचा फरक दिसला की आधी लीप वर्ष तपासायचं, पुरावा फेकून द्यायचा नाही. आणि लॉटची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी, काहींचा लॉट नुसता चालू क्रमांक असतो, त्यामुळं लॉट हा जोडपुरावा, मुख्य नव्हे.

चौथा, आयातदाराचा स्टिकर, त्यावर आयातीचा महिना `10/2024`. अमेरिकेतनं जहाजानं न्हावाशेवाला यायला महिना-दीड महिना सहज लागतो. ९ ऑक्टोबरला तिकडं भरलेलं बॅरल ऑक्टोबरातच इकडं उतरणं अवघड. १० सप्टेंबरचं उतरू शकतं. हाही नुसता दुजोरा.

निकाल: महिना आधी. लेबलवर गेलं:

उत्पादन: १० सप्टेंबर २०२४
वापरा: १० मार्च २०२५ पर्यंत

महिना अक्षरात लिहायचा हा नियम पक्का, आकड्यात नाही. ताई म्हणाल्या की "सप्टेंबर" मूळ आकड्यांच्या जागेत मावत नाही, तर फॉन्ट बारीक करू या, नाहीतर "सप्टें." लिहू या, पण 10/09 लिहून परत तोच खड्डा खणायचा नाही. शेजारी मूळ छापील तारखेचा फोटोतला तुकडा तसाच ठेवलाय, म्हणजे बॅरल आणि मराठी लेबल शेजारी धरलं तर कशाचं काय झालं ते कुणालाही कळेल.

संध्याकाळी मामांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्पच होते, मग म्हणाले, "म्हंजे पाडव्याला हे वापरायचं धरून चाललोय, तवर याची मुदत संपलेली असणार की." पाडवा यंदा ३० मार्चला आहे, म्हणजे होय. त्यांनी लगेच रजिस्टर काढलं आणि या लॉटची सगळी बॅरल पुढं घ्यायला सांगितली. हे महत्त्वाचं का, तर या रेझिनचा दुसरा भाग आयसोसायनेटचा असतो, त्याला ओल लागली की त्याची पाण्याशी क्रिया होते आणि तो कार्बन डायऑक्साइड सोडतो, बॅरल फुगतं, माल घट्ट होतो, आणि असला माल रेतीत गेला तर कोअर नीट धरत नाहीत. ऑक्टोबरपर्यंत चालणार म्हणून ठेवलं असतं तर मधे एप्रिल-मेचा उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा आला असता, आणि शेडमध्ये २६ डिग्रीची मर्यादा एप्रिलात कोण सांभाळणार.

२२ जानेवारी, बुधवार

कॅटलॉगचं किमतीचं पान. `Effective 04/01/2024` आणि खाली `$2.10/lb`.

तारीख परत दुतोंडी, ४ जानेवारी की १ एप्रिल. पण इथं सोपं गेलं, पानाच्या तळाला त्याच फॉन्टात `Prices valid through 09/30/2024` आहे. ३० हा महिना नसतो, म्हणजे ही ओळ महिना आधीची, आणि एकाच पानावर एकाच हातानं छापलेल्या दोन तारखा दोन पद्धतींच्या नसतात. १ एप्रिल २०२४. हा पुरावा मी सगळ्यात वरच्या दर्जाचा धरतो, त्याच फोटोतली, त्याच छपाईची, शंका नसलेली दुसरी तारीख. आयातदाराचा स्टिकर, हातानं लिहिलेली तारीख, रबरी शिक्का यांना हा नियम लागत नाही, ते वेगळ्या हाताचे.

किमतीत पौंड आधी. पौंडाला २.१० डॉलर म्हणजे किलोला ४.६३ डॉलर, २.२०४६ नं गुणायचं, भागायचं नाही (किलो मोठा, किंमत जास्त, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं). मग रुपये. मालकांचा आग्रह रुपयातच लिहा, पोरांना डॉलर काय कळणार. माझं म्हणणं वेगळं होतं आणि ते मी धरून ठेवलं. मापाचं रूपांतर कायम तेच राहतं, २०८ लिटर उद्याही २०८ लिटरच. रुपयाचा दर रोज हलतो. किमतीच्या तारखेला, १ एप्रिल २०२४ ला, डॉलर ८३ च्या आसपास होता, आज ८६ च्या पुढं गेलाय. किलोला ३८४ की ३९८? २०० किलोला २,८०० रुपयांचा फरक, आणि यात आयात कर, जीएसटी, भाडं काहीच धरलेलं नाही. फोटोत एकदा भाजून टाकलेला रुपयाचा आकडा दोन वर्षांनीही तसाच भिंतीवर राहतो आणि लोक त्याला भाव समजतात.

आणि तारखेचा घोळ इथं किमतीतही शिरतो, कुठल्या दिवसाचा दर लावायचा तेच तारीख कशी वाचली यावर आहे. त्यामुळं क्रम असा, आधी तारीख सोडवायची, मग चलन. तारखेवर झेंडा असेल तर चलनाला हात लावायचा नाही.

तोड निघाली. फोटोत डॉलरच, किलोचा हिशोब करून, "४.६३ डॉलर प्रति किलो". फोटोच्या बाहेर खाली एक ओळ, अंदाजे किती रुपये, कुठल्या तारखेचा दर, कर आणि भाडं धरलेलं नाही. ती ओळ बदलता येते, फोटो परत करावा लागत नाही. डॉलर कुठला हेही बघितलं, कॅनडाचा डॉलरही `$` नंच लिहितात, पण पानावर कंपनीचा पत्ता अमेरिकेचा आणि वर `USD` छापलंय.

२४ जानेवारी, शुक्रवार

मधेच मालकांनी रेती-मिक्सरचं जर्मन पत्रक घुसवलं. `1.250 kg/h` चं टूलनं "तासाला १.२५ किलो" केलं. तासाला सव्वा किलो रेती कालवणारा मिक्सर कोण घेईल, ते १,२५० आहे. तिकडं हजाराला टिंब आणि अपूर्णांकाला स्वल्पविराम. तारीख `04.03.2024` होती, टिंबांची तारीख जर्मन पत्रकात दिवस आधीच असते, आणि पुढच्या पानावर `28.02.2024` पण सापडली. ४ मार्च २०२४. मिटलं.

२७ जानेवारी, सोमवार

आता अडलेलं प्रकरण. कॅटालिस्टचा कॅन. त्यावर:

```
MFG 05/07/2024
EXP 05/07/2025
```

एवढंच. दोन्ही वाचनांत बरोबर एक वर्ष, ५ जुलै ते ५ जुलै नाहीतर ७ मे ते ७ मे. अंतर काहीच सांगत नाही. लॉट `K-3317`, त्यात दिवस नाही. मागच्या बाजूला मुदत "१२ महिने", ती दोन्हीकडं बसते. स्टिकरवर आयात `11/2024`, दोन्हीकडं चालतं. कॅन अमेरिकन कंपनीचा पण भरलेला दुसऱ्या देशात असं बारीक अक्षरात लिहिलंय, त्यामुळं देशाचा अंदाजही लंगडा पडला.

ताई म्हणाल्या, बॅरलचं महिना आधी निघालं ना, मग हेही तसंच धरू. मला ते पटत नाही. एका फोटोचा निकाल दुसऱ्या फोटोला लावायचा तर छपाई तीच पाहिजे, इथं कारखानाच वेगळा. मी झेंडा काढला नाही.

पण झेंडा लावला म्हणून लेबल कोरं ठेवता येत नाही, पोरांना उद्या कॅन उघडायचाय. तर असं लिहिलं:

छापील मुदत: 05/07/2025
ही ७ मे किंवा ५ जुलै, दोन्ही असू शकते.
कंपनीकडून कळेपर्यंत ७ मे २०२५ धरा.

तिन्ही ओळी पाहिजेतच. नुसतं "तारीख तपासा" लिहिलं तर मिक्सरजवळ उभा असलेला माणूस काय तपासणार? नुसतं ७ मे लिहिलं तर आपण शंका गिळून टाकली असं होतं, आणि उद्या कुणी ५ जुलै सिद्ध केलं तर आपल्या बाकीच्या लेबलांवरचाही विश्वास जाईल. मुदतीच्या तारखेला लवकरची धरणं सुरक्षित, पण हा नियम सगळ्या तारखांना उचलून लावायचा नाही. समजा पुढच्या सर्व्हिसची तारीख असली तर लवकरची चालते, आणि "या तारखेपर्यंत उघडू नये" अशी असली तर उशिराची धरावी लागते. तारीख कशाची आहे ते बघून बाजू ठरवायची.

त्याच फोल्डरमध्ये सुरक्षा-पत्रकाची सुधारणा तारीख `03/02/2023` होती, तीही सुटली नाही. तिथं मोठी सूचना टाकली नाही, मूळ आकडे तसेच ठेवले आणि शीटमध्ये पिवळा झेंडा. ते पत्रक फेब्रुवारीचं का मार्चचं यानं कामगाराचं काही बदलत नाही. सगळ्याच झेंड्यांचा आवाज सारखा ठेवला तर महत्त्वाचा झेंडाही कुणी बघणार नाही.

३० जानेवारी, गुरुवार

मालकांच्या ऑफिसातनं आयातदाराला मेल गेली. मी मजकूर करून दिला, कारण विचारायची पण पद्धत असते. "Is the date 05/07/2025 correct?" असं विचारलं तर ते होय म्हणतील आणि आपण तिथंच राहू. "Please write the expiry with the month in words" असं विचारायचं. आणि कॅनचा फोटो जोडायचा.

मामांच्या रजिस्टरातही आजपासून महिना अक्षरात. कॉलम रुंद करायला पट्टी घेऊन स्वतः रेघा मारल्या त्यांनी. जुन्या नोंदी तशाच ठेवल्यात, फक्त आयात मालाच्या ओळीपुढं पेन्सिलनं खूण केलीय, त्या एकेक बॅरल बघून ठरवायच्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

उत्तर आलं, `05 July 2025`. म्हणजे कॅटालिस्टवर दिवस आधी होता, बॅरलवर महिना आधी, आणि दोन्ही एकाच स्टोअरमध्ये.

कॅनचं लेबल बदललं: "मुदत: ५ जुलै २०२५". मूळ आकड्यांचा तुकडा शेजारी तसाच. शीटमध्ये झेंडा काढला, पण ओळ ठेवली, पुढच्या कॉलममध्ये "आयातदाराचं लेखी उत्तर, ३ फेब्रुवारी २०२५". या कारखान्याच्या नावापुढं "दिवस आधी" असं टिपून ठेवलंय. पुढचा कॅन आला की ती टीप अंदाज म्हणून वापरायची, त्या कॅनवर १२ च्या वरचा दिवस किंवा दुसरा पुरावा मिळेपर्यंत झेंडा लागणारच.

सुरक्षा-पत्रकाचा झेंडा अजून आहे. कॅटलॉगच्या खालची रुपयाची ओळ आज नव्या दरानं बदलली.